दिवा धडधडतो, की कॅमेरा?

एका विज्ञान-प्रदर्शनात परीक्षक म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक आज तुम्हांला सांगणार आहे. ही केवळ कबुली नव्हे. ज्या सवयीतून ती चूक घडली ती सवय आता शाळाशाळांतून रुजू लागली आहे, आणि ती वेळीच मोडली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. फोनने चित्रण करायचे आणि त्या चित्रणावरून मोजमाप करायचे, परंतु कॅमेऱ्याला मात्र मोकळे सोडायचे, ही ती सवय.

प्रदर्शनात नववीतल्या एका मुलीने ग्रहाच्या अधिक्रमणाची प्रतिकृती मांडली होती. अधिक्रमण म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक असेल. २०१२ च्या जूनमध्ये शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत गेला होता, ते शुक्राचे अधिक्रमण. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला, तर तो ठिपका आपल्याला दिसत नाही. मात्र ताऱ्याचा प्रकाश तेवढा वेळ किंचित कमी होतो. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला, तर ही घट सुमारे १ टक्का भरते. ह्याच घटीवरून शास्त्रज्ञांनी हजारो ग्रह शोधले आहेत.

मुलीची मांडणी सुबक होती. मधोमध दुधी काचेचा १२ सेंटिमीटर व्यासाचा गोल, आत बॅटरीवर चालणारा लहान दिवा. हा झाला तारा. त्याच्याभोवती २० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात, तारेच्या हातावर बसवलेला, काळ्या रंगाने रंगवलेला ५ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू एका संथ मोटरीने फिरत होता. हा ग्रह. गोलापासून १ मीटर अंतरावर, त्याच उंचीवर, स्टँडला लावलेला फोन. चित्रणातील चौकटी तिने संगणकावर ImageJ ह्या मोफत प्रणालीत उघडल्या होत्या, प्रत्येक चौकटीत गोलाच्या वर्तुळातील सरासरी तेजस्विता मोजली होती आणि तिचा आलेख काढला होता.

आलेख असा होता. चेंडू गोलाच्या कडेला टेकेपर्यंत तेजस्विता १००. चेंडू आत शिरताच ती ८५ पर्यंत उतरली. मग चेंडू अजून गोलासमोरच असताना ती पुन्हा चढू लागली आणि ९४ पर्यंत आली. चेंडू बाहेर पडता पडता ती ११२ वर गेली आणि सेकंदाभरात परत १०० वर येऊन स्थिरावली. चेंडू फिरतच होता, त्यामुळे दर फेरीला हेच घडत होते. पडद्यावर तो गोल एखाद्या हृदयासारखा धडधडताना दिसत होता.

“हा शेवटचा उंचवटा कशामुळे?” मी विचारले.

“सर, ग्रह बाजूला होताना त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशही आपल्याकडे येतो. म्हणून तारा थोडा वेळ जास्त तेजस्वी दिसतो,” ती म्हणाली.

उत्तर आत्मविश्वासाने दिले होते, आलेख समोर होता, आणि माझ्यामागे अजून वीस प्रकल्प पाहायचे होते. मी मान डोलावली आणि चांगले गुण दिले.

घरी परतताना बसमध्ये ती गोष्ट मला टोचू लागली. ग्रह ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये असताना त्याची कोणती बाजू आपल्याकडे असते? अंधारी. चंद्र सूर्याच्या दिशेला असतो तेव्हा अमावास्या असते, तसाच हा प्रकार. परावर्तित प्रकाश सर्वांत जास्त मिळायचा तो ग्रह ताऱ्याच्या मागे जाण्याच्या आधी आणि मागून बाहेर आल्यावर, समोरून जाताना नव्हे. शिवाय तो चेंडू तर काळा रंगवलेला! मग तो उंचवटा आला कोठून?

हे कोडे सोडवायला मी पुढच्या शनिवारी त्या शाळेत गेलो. मुलीने सर्व मांडणी पुन्हा लावली. आम्ही प्रथम एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे मोटरीची गती. चेंडूची एक फेरी ४० सेकंदांची केली, म्हणजे गोलासमोरून जायला त्याला सुमारे साडेचार सेकंद लागत. ह्या वेळी घट भरली अवघी ८ टक्के. मग फेरी ८ सेकंदांची केली. आता चेंडू एका सेकंदाच्या आतच गोल ओलांडत होता, आणि घट भरली २२ टक्के.

ह्या दोन आकड्यांवर क्षणभर थांबा. चेंडू तोच, गोल तोच. चेंडूने गोलाचा जेवढा भाग झाकायचा तेवढाच तो झाकणार, मग तो सावकाश जावो की भरभर. घट किती काळ टिकेल हे गतीवर अवलंबून राहील, परंतु घटीची खोली गतीवर अवलंबून राहण्याचे काहीच कारण नाही. ती तशी अवलंबून असेल, तर मध्ये कोणीतरी आहे, ज्याला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो आणि जो वेळ मिळाला की घट भरून काढतो. चेंडू सावकाश गेला, तर त्याला भरपूर वेळ मिळतो. भरभर गेला, तर तो मागे पडतो. हा कोणीतरी म्हणजे कॅमेरा.

मग आम्ही दुसरी परीक्षा घेतली. चौकटीच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा उभा केला. त्याच्यावर बॅटरीच्या स्वतंत्र टॉर्चचा प्रकाश पाडला आणि मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा लावला, म्हणजे गोलाचा प्रकाश त्या कागदावर पडू नये. ह्या कागदाला आम्ही नाव दिले साक्षीदार. चेंडू कोठेही असो, ह्या कागदाच्या तेजस्वितेत बदल होण्याचे काही कारण नव्हते. तरीही चेंडू गोलासमोर येताच चित्रणातला कागद उजळला. चौकटीतील त्याची तेजस्विता १४० होती ती १५६ झाली, आणि चेंडू गेल्यावर परत १४० वर आली.

“म्हणजे सर, माझा आलेख खोटा?” मुलीचा चेहरा उतरला होता.

“आलेख खरा आहे,” मी म्हणालो, “फक्त तो दिव्याचा नाही, कॅमेऱ्याचा आहे.”

आता कॅमेरा हे का करतो, ते पाहू. तुमच्या पाठ्यपुस्तकातील भिंगाच्या कॅमेऱ्याला प्रकाश नियंत्रित करण्याची दोन साधने असतात. भिंगासमोरचे छिद्र लहानमोठे करता येते आणि पडदा किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवता येते. बहुतेक फोनमध्ये छिद्र कायमचे ठरलेले असते. त्यामुळे फोनपाशी उरतात त्या दोन गोष्टी. प्रत्येक चौकटीसाठी संवेदकावर प्रकाश किती वेळ जमू द्यायचा, आणि संवेदकाकडून आलेला विद्युत्-संकेत किती पटींनी वाढवायचा. पहिल्याला उद्भासन-काल म्हणतात. दुसऱ्याचा निर्देश पडद्यावर ISO ह्या अक्षरांनी होतो. दोन्ही मिळून चित्राचे उद्भासन ठरते, ज्याला आपण नेहमीच्या बोलण्यात एक्स्पोजर म्हणतो.

फोनमधील प्रणाली चित्रण चालू असताना सतत एकच प्रश्न विचारत असते. चित्र ठरल्यापेक्षा काळोखे झाले काय? झाले असेल, तर ती उद्भासन वाढवते. जास्त उजळ झाले असेल, तर कमी करते. हे एकदम केले तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांना झटका बसेल, म्हणून ती ते थोडे थोडे करत जाते. काळा चेंडू गोलासमोर आला, की प्रणालीला वाटते, दृश्य काळोखले. ती उद्भासन वाढवू लागते. म्हणून चेंडू आत असतानाच आलेख वर चढला. चेंडू निघून गेला तेव्हा गोल पूर्ण दिसू लागला, परंतु उद्भासन अजून वाढलेलेच होते. म्हणून आलेख १०० च्या वर गेला. प्रणालीने ते खाली आणेपर्यंत जो वेळ गेला, तो म्हणजे आपला उंचवटा. परावर्तित प्रकाशाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

ह्यात कॅमेऱ्याचा दोष आहे काय? मुळीच नाही. तुम्ही सहलीला गेलात, लेण्याच्या अंधारातून उन्हात आलात, तर कॅमेऱ्याने असेच वागले पाहिजे. तुमच्या डोळ्यांतील बाहुलीही असेच वागते. पण मोजमापात ह्याच गुणाचा अवगुण होतो. आपल्याला प्रकाशातील बदल हवा आहे, आणि कॅमेरा तोच बदल पुसून टाकण्यासाठी बनवलेला आहे. वजन टाकताच स्वतःचा काटा शून्यावर आणणाऱ्या तराजूने धान्य मोजण्यासारखे हे झाले.

तेव्हा उपाय एकच. चित्रण सुरू करण्यापूर्वी कॅमेऱ्याचे हात बांधून टाकायचे. ते कसे, हे आता क्रमाने सांगतो.

मुलीने गोलावर बोट टेकवले होते. “मी फोकस आणि प्रकाश गोलावर ठरवला होता,” असे तिने मला सांगितले, आणि इथेच अनेकांची गफलत होते. बोट नुसते टेकवले, तर कॅमेऱ्याला एवढेच कळते की ह्या जागेकडे लक्ष द्यायचे आहे. तो त्या जागेनुसार बदलत राहतो. उलट, मोजणीची जागा नेमकी गोलावर आल्याने चेंडूचा परिणाम जास्तच होतो. कुलूप लावायचे असेल, तर बोट त्याच जागी दाबून धरावे लागते. आयफोनवर असे दोनएक सेकंद धरले, की पडद्यावर AE/AF LOCK ही अक्षरे उमटतात. AE म्हणजे आपोआप ठरणारे उद्भासन, AF म्हणजे आपोआप होणारे केंद्रीकरण, म्हणजेच फोकस. अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनांवरही असेच दाबून धरल्यावर कुलपाची खूण किंवा अशीच अक्षरे दिसतात. ती दिसेपर्यंत कुलूप लागले असे समजू नका.

कुलूप लावण्याची वेळही महत्त्वाची आहे. चेंडू गोलापासून दूर असावा, फोन स्टँडवर स्थिर असावा, आणि चित्र चारपाच सेकंद एकसारखे दिसत असावे. तेव्हाच दाबून धरावे. त्यानंतर शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह बोटाने खाली ओढून चित्र थोडे काळोखे करावे. ह्याचे कारण असे. चौकटीतील प्रत्येक बिंदूची तेजस्विता ० ते २५५ अशा आकड्यांत नोंदली जाते. प्रकाश फार झाला, की आकडा २५५ वर अडकतो आणि त्यापुढचे काहीच कळत नाही. पाणी भरून वाहू लागलेल्या मापात आणखी किती पाणी ओतले, हे कसे कळणार? गोल चित्रात पांढराफटक न दिसता त्याचा आकडा १५० ते १८० च्या आसपास असेल असे पाहावे.

आता केंद्रीकरण. AF चे कुलूप आपल्या प्रयोगात का लागते? चेंडू फोनपासून ८० सेंटिमीटरवरून जातो आणि गोल १०० सेंटिमीटरवर आहे. कॅमेरा मोकळा असेल, तर चेंडू आल्यावर तो भिंग हलवून चेंडूवर केंद्रीकरण करू पाहतो, मग परत गोलावर येतो. भिंग हलले की कडा अस्पष्ट होतात आणि प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो. तुम्ही आखलेल्या वर्तुळात मग कधी गोलाबाहेरचा अंधार शिरतो, कधी गोलाची कड बाहेर जाते, आणि आकडे विनाकारण हलतात.

तिसरे कुलूप रंगांचे. संध्याकाळच्या पिवळसर दिव्याखाली पांढरा कागद पांढराच दिसावा, म्हणून कॅमेरा तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांचे संकेत वेगवेगळ्या पटींनी वाढवतो. ह्याला पांढऱ्याचा समतोल किंवा व्हाइट बॅलन्स म्हणतात. हाही आपोआप बदलतो, पण सावकाश, कित्येक सेकंदांत, म्हणून तो चटकन ध्यानात येत नाही. पिवळसर गोलाचा मोठा भाग काळ्या चेंडूने झाकला, की कॅमेऱ्याला दृश्य कमी पिवळे वाटते आणि तो रंगांच्या पटी बदलू लागतो. हळदीच्या कागदावर सोड्याचे पाणी टाकून रंग कसा बदलतो ह्याचे चित्रण करणाऱ्यांना तर हे कुलूप अत्यावश्यक आहे. कागद तांबडा होत गेला, की कॅमेरा ती तांबूस झाक प्रकाशाचीच समजून कमी करू लागतो.

ध्यानात ठेवा, AE/AF LOCK ने रंगांचे कुलूप लागतेच असे नाही. आयफोनच्या नव्या आवृत्त्यांत Settings मध्ये Camera, त्यात Record Video आणि त्यात Lock White Balance असा पर्याय मिळतो. अँड्रॉइडच्या अनेक फोनांत Pro नावाची पद्धत असते. तिच्यात WB हा पर्याय Auto वरून काढून एका आकड्यावर, उदाहरणार्थ 4000K वर, ठेवला की तो तेथेच राहतो. त्याच पद्धतीत ISO आणि उद्भासन-कालही स्वतः ठरवता येतात. फोनमध्ये अशी पद्धत नसली, तर Open Camera हे मोफत अॅप अँड्रॉइडवर घेता येते. त्यात उद्भासन आणि रंग-समतोल ह्यांची कुलपे वेगवेगळी आहेत. मात्र ती प्रत्येक फोनवर चालतीलच असे नाही, कारण फोन बनवणाऱ्याने आतून तेवढी मोकळीक दिलेली असावी लागते.

तीनही कुलपे लावल्यावर पडद्याला इतरत्र हात लावू नका. पुन्हा बोट टेकवले, भिंग बदलले किंवा अॅप बंद करून उघडले, की कुलपे बहुधा निघतात. पुष्कळ फोनांवर आवाजाच्या बटणाने चित्रण सुरू करता येते, ते करावे. HDR चालू असेल तर बंद करावे, कारण ते चित्रातील काळोखे व उजळ भाग स्वतःच्या मर्जीने जवळ आणते.

एवढे करून आम्ही पुन्हा चित्रण केले. साक्षीदार कागदाचा आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत १४० च्या आसपास राहिला. आलेख १०० वरून खाली उतरला, तळाशी सपाट झाला आणि परत १०० वर आला. उंचवटा नाहीसा झाला. घट भरली २६ टक्के, आणि मोटर सावकाश फिरवली काय, भरभर फिरवली काय, ती २६ च राहिली.

हा आकडा बरोबर आहे की नाही, हे मुलीनेच पडताळून पाहिले. चेंडूचा व्यास ५, गोलाचा १२. क्षेत्रफळांचे गुणोत्तर व्यासांच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे, म्हणजे २५ भागिले १४४, सुमारे १७ टक्के. “पण सर, आपल्याला तर २६ आले!” ती म्हणाली. मग तिच्याच लक्षात आले की चेंडू फोनला जवळ आहे, म्हणून तो मोठा दिसतो. १०० भागिले ८० म्हणजे सव्वा पट. क्षेत्रफळात सव्वाचा वर्ग, म्हणजे सुमारे १.५६ पट. १७.४ ला १.५६ ने गुणले, तर सुमारे २७ टक्के. आमचे उत्तर २६. एका टक्क्याची चुकामूक समजण्यासारखी आहे, कारण काळा रंग पूर्ण काळा नसतो आणि भिंतींवरून आलेला थोडा प्रकाश चेंडूवरूनही फोनकडे येतो. खऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत मात्र ही सव्वा पटीची दुरुस्ती लागत नाही, कारण ग्रह आणि तारा दोन्ही आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. पहिल्या, धडधडणाऱ्या आलेखावरून तिने ग्रहाचे क्षेत्रफळ काढले असते, तर ते जवळजवळ निम्मे आले असते.

कुलपे लावली म्हणजे सारे साधले, असे मात्र समजू नका. दोन मर्यादा सांगतो.

पहिली मर्यादा घरातील विजेची. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तने घेतो, आणि त्यावर चालणारे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण उद्भासन-काल फार लहान असेल तर कॅमेऱ्याला कळते. चित्रात आडवे पट्टे सरकतात किंवा तेजस्विता थरथरते. ही थरथर कुलपाने जात नाही, कारण येथे खरोखर दिवाच बदलत असतो. उद्भासन-काल 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवला, तर प्रत्येक चौकटीत दिव्याची पूर्ण आवर्तने मोजली जातात आणि थरथर नाहीशी होते. दिवा तेजस्वी असेल, तर एवढ्या वेळात चित्र पांढरेफटक पडते. म्हणून मुलीने बॅटरीचा मंद दिवा घेतला होता, तोच उत्तम मार्ग. मात्र मोजणीपूर्वी तो दहापंधरा मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे तापून स्थिरावेल.

दुसरी मर्यादा आकड्यांची. फोनने दिलेला आकडा प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतो. डोळ्याला बरे दिसावे म्हणून तो एका वक्राप्रमाणे बदललेला असतो. दिव्याचा प्रकाश निम्मा केला, तर १५० चा आकडा ७५ होत नाही, तो ११० च्या जवळपास राहतो. आमच्या प्रयोगात हे आड आले नाही, कारण चेंडू गोलाचा प्रकाश मंद करत नव्हता, तर एकसारख्या उजळ गोलाचा काही भाग पूर्ण झाकत होता. पण तुम्ही दिवा मंद करून किंवा काचा लावून प्रयोग करणार असाल, तर आधी ज्ञात प्रकाशावरून आकड्यांचा अर्थ ठरवून घ्यावा लागेल. कुलपामुळे पट्टी हलायची थांबते. पट्टीवरच्या खुणा समान अंतरावर येत नाहीत.

आता शिक्षकमित्रांसाठी चार शब्द. माझे म्हणणे असे की, ज्या प्रकल्पात फोनच्या चित्रणावरून प्रकाश किंवा रंग मोजला आहे, तेथे परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारावा, “तुमचा साक्षीदार कोठे आहे?” चौकटीत न बदलणारी एक वस्तू दाखवता आली नाही, तर त्या आलेखाला मोजमाप म्हणून गुण देऊ नयेत. प्रात्यक्षिक म्हणून जरूर द्यावेत.

ह्यावर काहींनी मला म्हटले, “शाळेच्या पातळीवर एवढा काटेकोरपणा कशाला? मुलांकडे भारी फोन नसतात.” फोनांबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. सगळ्या फोनांत तीनही कुलपे मिळत नाहीत. परंतु साक्षीदाराला कागदाचा एक तुकडा आणि टॉर्च एवढेच लागते. कुलूप लागले नसेल, तर साक्षीदार ते लगेच सांगतो, आणि मग त्या चित्रणावर निष्कर्ष काढायचा नाही एवढे तरी ठरवता येते. काटेकोरपणाचा आक्षेप मात्र मला मान्य नाही. कुलूप न लावल्याने आलेख नुसता थोडा चुकला असता, तर मी एवढे लिहिले नसते. येथे तर यंत्राच्या सवयीला निसर्गाचा नियम समजून एका हुशार मुलीने स्पष्टीकरण रचले, आणि मी, पंधराएक वर्षे भौतिकी शिकवणारा माणूस, त्याला मान्यता दिली. ते चुकीचे स्पष्टीकरण घेऊन ती पुढच्या वर्गात गेली असती.

“साक्षीदाराच्या आकड्याने भागून नंतर दुरुस्ती केली तर?” असेही एका शिक्षकांनी विचारले. काही वेळा ते जमते. पण २५५ वर अडकलेला आकडा भागाकाराने परत मिळत नाही, आणि वर सांगितलेल्या वक्रामुळे नुसता भागाकार पुरत नाही. आधी कुलूप, मग साक्षीदार, आणि दुरुस्ती अगदी शेवटी, असाच क्रम असावा.

खगोलशास्त्रज्ञांचीही रीत हीच आहे. २००९ मध्ये अवकाशात सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने अधिक्रमणे शोधताना प्रत्येक उद्भासन सुमारे ६ सेकंदांचे, असे ठरवून ठेवलेले होते. तारा मंद झाला म्हणून ते वाढवायचे नाही. पृथ्वीवरून निरीक्षण करणारे खगोलशास्त्रज्ञ त्याच चौकटीत शेजारचा, न बदलणारा तारा घेतात आणि त्याच्याशी तुलना करतात. त्याला तुलना-तारा म्हणतात. आपल्या कागदाच्या तुकड्याचे ते मोठे भावंड. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला, तर प्रकाश १ टक्क्याच्याही सुमारे शंभराव्या भागाने कमी होतो. एवढी लहान घट पकडायची, तर मोजणारे साधन स्वस्थ बसलेलेच हवे.

त्या मुलीचे गुण आता बदलता येणार नव्हते, पण तिने स्वतःच दोन्ही आलेख एकाखाली एक चिकटवून वर्गात लावले. वरच्या आलेखाखाली तिने लिहिले, “कॅमेरा”, आणि खालच्याखाली, “दिवा”. तुमच्याकडे एखाद्या प्रयोगाचे जुने चित्रण असेल, तर ते पुन्हा लावून पाहा. चौकटीत एखादी न बदलणारी वस्तू, भिंतीचा कोपरा, टेबलाची कड, सापडते का पहा आणि तिच्यावर नजर ठेवा. ती धडधडत असेल, तर प्रयोग पुन्हा करायचा आहे.